उधारी एकदाच बुडाली, पण नफ्यातून दोनदा गेली: संशयित कर्ज निधी आणि बुडीत कर्ज यांचा गोंधळ कसा सोडवायचा

वर्षअखेरीला हिशेब बंद करायची वेळ आली की एक तक्रार हमखास कानावर येते. "या उधारीसाठी मागच्या वर्षीच तरतूद केली होती, तेव्हा नफा कमी झाला. यंदा ग्राहक खरोखर बुडाला म्हणून त्याचं खातं बंद केलं, तर नफा पुन्हा कमी! नुकसान एकच, मग कात्री दोनदा का?"

शंका अगदी रास्त आहे. एक नुकसान नफ्यातून एकदाच जायला हवे. दोनदा गेले असेल तर पद्धतीत काही दोष नाही, नोंदी करताना कुठेतरी चूक झाली आहे. बहुतेक वेळा ती दोनपैकी एका जागी सापडते. एकतर जुना निधी वापरलाच गेलेला नसतो, किंवा दोन बरोबर पद्धतींची सरमिसळ झालेली असते.

आधी दोन्ही गोष्टी नेमके काय करतात ते पाहू, कारण दुरुस्ती त्यावरच अवलंबून आहे.

निधी कोणाच्याही खात्याला हात लावत नाही

संशयित कर्ज निधी हा अंदाज असतो. येणे असलेल्या एकूण रकमेतला काही भाग हाती येणार नाही हे अनुभवाने माहीत असते, पण नेमका कोण बुडवणार ते माहीत नसते. म्हणून वर्षअखेरीला नफा-तोटा खाते नावे आणि संशयित कर्ज निधी खाते जमा अशी नोंद होते. नफा त्याच दिवशी कमी होतो. ग्राहकांची खाती मात्र जशीच्या तशी राहतात. प्रत्येकाकडून पूर्ण रक्कम येणे आहे, वसुलीची पत्रे पूर्ण रकमेचीच जातात. ताळेबंदात ऋणकोंच्या रकमेतून निधी वजा करून दाखवतात, एवढेच.

बुडीत कर्ज काढून टाकताना उलट घडते. तिथे अंदाज नसतो. अमुक ग्राहकाकडून अमुक रक्कम येण्याची वाजवी आशा उरलेली नाही, असा निर्णय झालेला असतो. त्या ग्राहकाचे खाते जमा करून बंद केले जाते. नावे कोणते खाते करायचे, हा प्रश्न उरतो, आणि सगळा घोळ याच प्रश्नाच्या उत्तरात होतो.

निधी पुरेसा असेल तर बुडीत रक्कम काढून टाकल्याने नफ्याला धक्काही लागत नाही. हे अनेकांना पटत नाही, म्हणून आकड्यांवर दाखवतो. ऋणको ८,००,००० आणि निधी ४०,००० आहे. म्हणजे ताळेबंदात निव्वळ येणे ७,६०,०००. आता एका ग्राहकाचे २५,००० बुडाले आणि ते निधीतून भागवले. ऋणको राहिले ७,७५,०००, निधी राहिला १५,०००, आणि निव्वळ येणे पुन्हा ७,६०,०००. मालमत्ता कमी झाली नाही, मग नफा कसा कमी होईल? तो निधी केला त्या वर्षीच कमी झालेला होता.

एक पूर्ण उदाहरण

पहिल्या वर्षाअखेर ऋणको ८,००,०००. निधी ५ टक्के, म्हणजे ४०,०००. व्यवसायाचे पहिलेच वर्ष धरू, म्हणजे मागची शिल्लक नाही. पहिल्या वर्षाच्या नफ्यातून ४०,००० गेले.

दुसऱ्या वर्षी मध्येच एक ग्राहक दिवाळखोर झाला आणि त्याचे २५,००० बुडीत म्हणून नोंदवले. वर्षअखेरच्या तेरीज पत्रकात ऋणको ६,२०,०००, बुडीत कर्ज २५,००० आणि संशयित कर्ज निधी ४०,००० असे तीन आकडे आहेत. तेरीज पत्रक तयार झाल्यावर कळले की आणखी एका ग्राहकाचे २०,००० सुद्धा गेले. निधी यंदाही ५ टक्केच ठेवायचा आहे.

पहिली पायरी: नव्याने बुडालेले २०,००० आधी ऋणकोंतून वजा करायचे. ऋणको उरले ६,००,०००. दुसरी पायरी: त्यावर ५ टक्के, म्हणजे नवा निधी ३०,०००. हा क्रम उलटा केला, तर ६,२०,००० वर ५ टक्के काढून ३१,००० येतात. जी रक्कम पूर्णपणे गेली म्हणून काढून टाकली, तिच्यावरच पुन्हा ५ टक्के शंका घेतल्यासारखे होते. फरक फक्त १,००० चा आहे, त्यामुळे नजरेतून निसटतो आणि दरवर्षी होत राहतो.

तिसरी पायरी नफ्याची:

बुडीत कर्ज २५,००० + नवे बुडीत कर्ज २०,००० + नवा निधी ३०,००० − जुना निधी ४०,००० = ३५,०००

दुसऱ्या वर्षाच्या नफ्यातून जायला हवे ते हे ३५,०००. हा आकडा पाठ करण्यापेक्षा त्याचा अर्थ लक्षात घ्या. या वर्षी प्रत्यक्षात ४५,००० बुडाले. त्यासाठी मागच्या वर्षी ४०,००० बाजूला काढले होते. ५,००० कमी पडले, ते यंदाच्या नफ्याने सोसले. शिवाय आता शिल्लक असलेल्या उधारीसाठी ३०,००० चा नवा अंदाज करावा लागला. पाच आणि तीस मिळून पस्तीस हजार.

चूक पहिली: जुना निधी तसाच पडून राहतो

हीच चूक सर्वांत जास्त आढळते. हिशेब लिहिणारा २५,०००, २०,००० आणि ३०,००० हे तिन्ही आकडे नफा-तोटा खात्याला नावे टाकतो. एकूण ७५,०००. जुन्या ४०,००० कडे लक्षच जात नाही, कारण ते तेरीज पत्रकाच्या जमा बाजूला असतात आणि "ही तर मागच्या वर्षीची गोष्ट" असे वाटते. नफा ४०,००० ने कमी दिसतो. मागच्या वर्षी ज्या नुकसानीसाठी नफ्यातून पैसे बाजूला काढले, तेच नुकसान यंदा पुन्हा नफ्यातून गेले.

ओळखायचे कसे? निधी खाते उघडा. त्यात ४०,००० ची आरंभीची शिल्लक आणि खाली ३०,००० ची नवी जमा, अखेरची शिल्लक ७०,००० दिसेल. ६,००,००० च्या ऋणकोंवर ५ टक्के म्हणजे ३०,००० हवे होते. ताळेबंद जुळतो, तेरीज जुळते, तरी निव्वळ येणे ५,७०,००० ऐवजी ५,३०,००० दाखवले गेले आहे. नोंदीच्या दोन्ही बाजू समान असल्याने बेरीज-वजाबाकीची कोणतीही तपासणी ही चूक पकडणार नाही. ती पकडायला एकच प्रश्न लागतो: निधी खात्याची अखेरची शिल्लक आज हव्या असलेल्या निधीएवढी आहे का?

दुरुस्ती सोपी आहे. संशयित कर्ज निधी खाते नावे ४०,०००, नफा-तोटा खाते जमा ४०,०००. शिल्लक ३०,००० वर येते आणि नफ्यावरचा भार ३५,००० वर.

ही चूक दोन-तीन वर्षे चालू राहिली तर निधी फुगत जातो. ऋणको घटत असताना निधी वाढताना दिसला, आणि तो जाणूनबुजून वाढवल्याचे कुठे लिहिलेले नसेल, तर हीच चूक समजून शोध सुरू करावा.

चूक दुसरी: दोन पद्धतींची सरमिसळ

बुडीत रक्कम नोंदवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

पहिल्या पद्धतीत बुडीत कर्जाची रक्कम निधी खात्याकडे नेतात. निधी नावे ४५,०००, त्यामुळे ४०,००० ची जमा शिल्लक संपून ५,००० ची नावे शिल्लक होते. नंतर नफा-तोटा खात्यातून ३५,००० देऊन निधी ३०,००० वर आणतात. नफा-तोटा खात्यात एकच आकडा दिसतो, ३५,०००.

दुसऱ्या पद्धतीत बुडीत कर्ज थेट नफा-तोटा खात्याला नावे, ४५,०००. निधी खात्यात फक्त बदल नोंदवतात. निधी ४०,००० वरून ३०,००० वर यायचा आहे, म्हणून निधी नावे १०,००० आणि नफा-तोटा खाते जमा १०,०००. पंचेचाळीसातून दहा गेले, पुन्हा ३५,०००.

सरमिसळ होते ती दोन माणसे दोन पद्धतींनी काम करतात तेव्हा. वर्षभर खाती लिहिणाऱ्याने बुडीत कर्ज खाते नावे करून दोन्ही ग्राहकांची खाती बंद केलेली असतात आणि ते ४५,००० नफ्याकडे गेलेले असतात. वर्षअखेरीला दुसरा माणूस येतो, बुडालेल्या ग्राहकांची यादी मागवतो आणि निधी नावे, एकत्रित ऋणको खाते जमा अशी ४५,००० ची आणखी एक नोंद करतो. मग निधीची ५,००० ची नावे शिल्लक भरून काढत तो निधी ३०,००० वर आणतो आणि त्यासाठी आणखी ३५,००० नफ्यातून जातात. नफ्यावर एकूण भार ८०,०००. हव्या असलेल्यापेक्षा बरोबर ४५,००० जास्त.

इथे निधी खाते बघून काही कळत नाही, कारण त्याची शिल्लक ३०,००० च आहे. खूण ऋणकोंमध्ये सापडते. ग्राहकांच्या वैयक्तिक खात्यांची बेरीज ६,००,००० येते आणि एकत्रित ऋणको खात्यात ५,५५,००० दिसतात. फरक बुडीत रकमेएवढाच आला तर दुसरीकडे शोधत बसू नका. दुरुस्ती: एकत्रित ऋणको खाते नावे ४५,०००, नफा-तोटा खाते जमा ४५,०००.

मी स्वतः दुसरी पद्धत पसंत करतो. वर्षभरात किती बुडाले आणि अंदाज किती बदलला हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्या पद्धतीत दोन्हींची उत्तरे वेगवेगळी दिसतात. पण पद्धत कोणतीही धरा, ती लिहून ठेवा आणि नोंद करणाऱ्या प्रत्येकाला दाखवा.

दोन्ही चुका पकडणारी एक तपासणी

निधी पहिल्यांदा केला त्या वर्षापासून आजपर्यंत नफ्यातून या कारणासाठी एकूण किती गेले ते मोजा. ती रक्कम आजपर्यंत प्रत्यक्ष बुडालेले अधिक आज हवा असलेला निधी, यांच्या बेरजेएवढी असायला हवी. बुडीत कर्जाची वसुली झाली असेल तर ती दोन्हीकडे वजा होते.

आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी ४०,००० आणि दुसऱ्या वर्षी ३५,००० गेले, एकूण ७५,०००. प्रत्यक्ष बुडाले ४५,०००, हवा असलेला निधी ३०,०००, बेरीज ७५,०००. जुळले. पहिली चूक झाली असती तर नफ्यातून गेलेली एकूण रक्कम १,१५,००० आली असती, म्हणजे ४०,००० चा फरक. दुसरी झाली असती तर १,२०,०००, फरक ४५,०००. फरकाचा आकडाच चूक कोणती ते सांगतो.

एक काळजी घ्या. या तपासणीत निधीची रक्कम खातेवहीतून उचलू नका, ऋणकोंवरून नव्याने मोजा. पहिल्या चुकीत खातेवहीतली शिल्लक ७०,००० असते. ती घेतली तर ४५,००० आणि ७०,००० मिळून १,१५,००० होतात आणि चूक असूनही हिशेब जुळल्यासारखा दिसतो.

या तपासणीतून एक मोठी गोष्टही उघड होते. दीर्घकाळात नफ्यातून तेवढेच जाते जेवढे खरोखर बुडते. निधी एकूण नुकसान वाढवत नाही आणि घटवतही नाही, ते कोणत्या वर्षाच्या नफ्यात दिसेल एवढे ठरवतो. निधी केलाच नसता तर पहिल्या वर्षी शून्य आणि दुसऱ्या वर्षी ४५,००० गेले असते. पहिल्या वर्षी उधारीवर विक्री करून नफा दाखवायचा आणि त्या विक्रीचे नुकसान पुढच्या वर्षाच्या गळ्यात घालायचे, असा तो प्रकार झाला असता. बँकेने किंवा भागीदाराने पहिल्या वर्षाच्या नफ्यावर भरवसा ठेवून निर्णय घेतला असेल, तर तो चुकीच्या आकड्यावर घेतलेला निर्णय ठरतो.

निधी कमी झाला आणि नफा वाढला, तर?

समजा तिसऱ्या वर्षी वसुली उत्तम झाली. फक्त २,००० बुडाले आणि अखेरचे ऋणको ५,००,००० आहेत. नवा निधी २५,०००. हिशेब: २,००० + २५,००० − ३०,००० = उणे ३,०००. म्हणजे नफा-तोटा खात्याला ३,००० जमा होतील. पुष्कळ जण इथे थबकतात आणि काहीतरी चुकले म्हणून शून्य लिहून मोकळे होतात. तसे करू नका. उणे आकडा बरोबर आहे. मागच्या वर्षी जास्त काढून ठेवलेले परत आले. तपासणीही जुळते: ४०,००० + ३५,००० − ३,००० = ७२,०००, आणि ४७,००० बुडीत अधिक २५,००० निधी म्हणजे ७२,०००.

फक्त हे ३,००० रोख आलेले नाहीत हे ध्यानात ठेवा. ते वाटून टाकायला किंवा खर्चायला हातात काही आलेले नाही. आणि ज्या वर्षी एरवीचा नफा कमी आहे नेमक्या त्याच वर्षी टक्केवारी ५ वरून ३ वर आणली गेली, तर कारण विचारा. ५,००,००० वर दोन टक्के म्हणजे १०,०००, आणि तेवढा नफा एका ओळीच्या बदलाने वाढतो. वसुलीच्या नोंदी त्या बदलाला आधार देत असतील तर ठीक, नाहीतर तो नफा बनवलेला आहे.

बुडालेले पैसे परत आले तर

दिवाळखोर ग्राहकाकडून नंतर १२,००० मिळाले. सवयीने रोख खाते नावे आणि ग्राहकाचे खाते जमा अशी नोंद होते. पण त्या ग्राहकाचे खाते आधीच शून्यावर बंद झालेले आहे. आता त्यात १२,००० ची जमा शिल्लक दिसेल, जणू आपणच त्याचे देणे लागतो. एकूण ऋणको १२,००० ने कमी दिसतील आणि नफ्यात यायचे १२,००० येणारच नाहीत. बरोबर नोंद रोख खाते नावे, बुडीत कर्ज वसुली खाते जमा अशी आहे, आणि ते खाते वर्षअखेरीला नफ्याकडे जाते. ग्राहकाचा इतिहास त्याच्याच खात्यात दिसावा असे वाटत असेल तर आधी १२,००० चे येणे पुन्हा उभे करा, म्हणजे ग्राहकाचे खाते नावे आणि बुडीत कर्ज वसुली खाते जमा, आणि मग रोख रक्कम ग्राहकाच्या खात्याला जमा करा. नफ्यावर परिणाम तोच.

कर मोजताना

अनेक देशांच्या करकायद्यांत सरसकट टक्केवारीने केलेला निधी वजावट म्हणून चालत नाही, प्रत्यक्ष बुडीत काढलेली रक्कम चालते. त्यामुळे पुस्तकातला नफा आणि करपात्र नफा वेगळे येणे स्वाभाविक आहे. ते एक यावेत म्हणून निधीच रद्द करू नका. करासाठी वेगळे कोष्टक करून निधीतला बदल तिथे नफ्यात परत जोडा.

चूक मागच्या वर्षीची असेल तर

मागच्या वर्षीचे हिशेब पक्के झाल्यावर चूक सापडली, तर आधी ती चूक आहे की बदललेला अंदाज आहे ते ठरवा. ५ टक्के धरले होते, प्रत्यक्षात ७ टक्के बुडाले, ही चूक नव्हे. त्या वेळी हाताशी असलेल्या माहितीवर केलेला तो प्रामाणिक अंदाज होता आणि त्याचा फरक यंदाच्याच नफ्यात येतो, वरच्या उदाहरणातल्या ५,००० सारखा. पण जुना निधी वजा करायचा राहिला, किंवा तीच रक्कम दोनदा काढली गेली, तर ती चूक आहे. रक्कम मोठी असेल तर आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ती यंदाच्या नफ्यात मिसळत नाहीत. मागच्या वर्षीचे तुलनात्मक आकडे दुरुस्त करून दाखवतात, आणि त्याही आधीची चूक असेल तर संचित नफ्याच्या आरंभीच्या शिलकेत दुरुस्ती करतात. तसे न करता ४०,००० यंदाच्या नफ्यात जमा केले, तर मागचे वर्ष होते त्यापेक्षा वाईट आणि हे वर्ष आहे त्यापेक्षा चांगले दिसेल, म्हणजे एकाऐवजी दोन वर्षांचे नफे चुकीचे राहतील.